स्मिथफील्डची सकाळ: कानांनी लिहिलेला बाजार



आपल्यापैकी जे महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकले, त्यांनी एक निबंध नक्की लिहिलेला असणार. ‘बाजारातील एक तास’, नाहीतर ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. त्यात हिरव्यागार भाज्या असायच्या, लालचुटुक टोमॅटो असायचे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या असायच्या, गरमागरम भज्यांचा घमघमाट असायचा. बाई सांगायच्या की डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा, सगळ्यांना काहीतरी काम द्या म्हणजे वर्णन जिवंत होतं. आपण द्यायचो. आणि चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत एकच बाजार भरायचा. तो सांगलीचा होता की साताऱ्याचा, गुरांचा होता की भाजीचा, हे कळायला मार्ग नसायचा.

आज मी तुम्हाला एका खऱ्या बाजारात घेऊन जाणार आहे. तो आपल्या इथला, लंडनमधला आहे. फॅरिंग्डन किंवा बार्बिकन स्टेशनवर उतरून पाच मिनिटं चाललात की लोखंड, काच आणि विटांची एक भली मोठी इमारत लागते. ते स्मिथफील्डचं मांसबाजाराचं घर. सर होरेस जोन्स यांनी त्याचा आराखडा केला आणि ते १८६८ साली उघडलं. पण आपला बाजार त्याच्याही आधीचा आहे. त्या वेळी तिथे छप्पर नव्हतं, उघडं मैदान होतं, आणि मांस नव्हे तर जिवंत गुरं विकली जायची. या मैदानाबद्दल इंग्रजीत शतकानुशतकं लोक लिहीत आले, आणि कोणी कोणत्या इंद्रियाने लिहिलं हे बघत गेलं की बाजाराचाही इतिहास कळतो आणि वर्णनाचाही.

सगळ्यांत प्रसिद्ध वर्णन चार्ल्स डिकन्सचं. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः येत होती. तिच्या एकविसाव्या प्रकरणात बिल साइक्स नावाचा दरोडेखोर लहानग्या ऑलिव्हरला घेऊन पहाटे निघतो. शहराबाहेर एका घरात चोरी करायची आहे, आणि खिडकीतून आत सरकवायला लहान अंगाचं पोर हवं आहे. ऑलिव्हरला यातलं काही माहीत नाही. फिन्सबरी स्क्वेअर, चिझवेल स्ट्रीट, बार्बिकन, लाँग लेन असे रस्ते डिकन्स एकेक नाव घेऊन सांगतो. आजही नकाशा हातात घेऊन ते चालता येतात. लाँग लेन संपते आणि दोघे स्मिथफील्डमध्ये शिरतात. बाजाराचा दिवस आहे.

पहिली गोष्ट तो सांगतो ती पायाखालची. घोट्यापर्यंत रेंदा. त्यानंतर लगेच वाफ: गुरांच्या अंगांतून दाट वाफ सतत वर निघते आहे आणि धुराड्यांच्या टोकांवर टेकलेल्या धुक्यात मिसळते आहे. मग मैदानाच्या मधोमध कुंपणांचे खण, त्यांत दाटीवाटीने कोंबलेल्या मेंढ्या. गटाराच्या कडेला खुंट, आणि खुंटांना बांधलेल्या बैलांच्या तीन-तीन, चार-चार पदरी रांगा. मग माणसं: खेडूत, खाटीक, गुरं हाकणारे, फेरीवाले, पोरं, चोर, रिकामटेकडे. आणि मग आवाज सुरू होतात.

इथे जरा थांबू. शाळेतल्या निबंधातला ‘आरोळ्या’ हा शब्द आणि डिकन्सचे आवाज यांच्यात फरक काय? डिकन्स ‘कोलाहल’ म्हणून मोकळा होत नाही. तो आवाज एकेक करून मोजतो. हाकणाऱ्यांच्या शिट्ट्या, कुत्र्यांचं भुंकणं, बैलांचं डुरकणं, मेंढ्यांचं बेंबावणं, डुकरांचं गुरगुरणं, फेरीवाल्यांच्या हाका, शिव्या, भांडणं, आणि चारही बाजूंच्या दारूच्या गुत्त्यांतून येणारा घंटांचा खणखणाट आणि माणसांचा गलका. वाक्य संपतच नाही. अर्धविरामामागून अर्धविराम येत राहतात. मोठ्याने वाचून पाहा, मध्ये श्वास घ्यायला जागा सापडत नाही. शेवटी तो म्हणतो की या सगळ्याने इंद्रियंच गोंधळून जात होती. वाचणाऱ्याची दमछाक झालेली असते, त्यामुळे ते त्याला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता यातला एकेक तपशील कुठून आला ते बघू.

वाफ का? कारण ही गुरं रात्रभर चालत आलेली असत. स्मिथफील्डचे बाजाराचे दिवस सोमवार आणि शुक्रवार, त्यातला सोमवार मोठा. सोमवारच्या पहाटे मैदानात उभं राहायचं तर रविवारी रात्री लंडनच्या रस्त्यांवरून कळप हाकावे लागत. धर्मनिष्ठ लोकांची याला मोठी हरकत होती, कारण तो देवाचा वार. मैलोन् मैल चाललेलं, घामेजलेलं, ओलं जनावर थंडीच्या पहाटे उभं राहिलं की त्याच्या अंगातून वाफ निघणारच. आपल्याकडे थंडीत नांगर सोडल्यावर बैलांच्या पाठीवरून निघते, तशीच. म्हणजे एका वाफेच्या उल्लेखात ऋतू आला, वेळ आली आणि आदल्या रात्रीचा सगळा प्रवास आला.

रेंदा घोट्यापर्यंत का? कारण मैदान लहान आणि जनावरं अफाट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे वर्षाला दोन लाखांच्या वर गुरं आणि दहा लाखांच्या वर मेंढ्या येत होत्या. एका बाजूला सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल, बाकी बाजूंना घरं, दुकानं, गुत्ते. वाढायला जागाच नव्हती.

शिट्ट्या आणि कुत्री का? हाकणाऱ्यांची कुत्री शिट्टीवर चालत. गुत्त्यांतून पहाटे गलका का? बाजार उजाडायच्या आत सुरू व्हायचा आणि सौदे करणाऱ्यांची सोय म्हणून गुत्तेही तेव्हापासून उघडे. डिकन्सच्या कुठल्याही आवाजामागे असं एखादं कारण सापडतं. म्हणूनच हे वर्णन उचलून भाजीबाजारात किंवा मासळीबाजारात ठेवता येत नाही. मला वाटतं, बाजाराचं वर्णन खरं की भरतीचं हे ओळखायची हीच एक खूण आहे: ते दुसऱ्या बाजारात जसंच्या तसं बसतं का ते बघावं. आपले निबंध कुठेही बसायचे.

पण आता एक गंमत सांगते. हे वर्णन वाचलेल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल की त्यात भयंकर दुर्गंधी आहे. मूळ परिच्छेद उघडून बघा. रेंदा आहे, घाण आहे, न धुतलेली, दाढी वाढलेली माणसं आहेत. ‘वास’ किंवा ‘दुर्गंधी’ असा सरळ शब्द नाही. गुरांच्या अंगांना लावलेलं एक विशेषण आहे, ज्याचा आजच्या इंग्रजीतला अर्थ ‘घाणेरडा वास मारणारी’ असा होतो. पण त्या शब्दाचा जुना अर्थ ‘वाफ किंवा धूर सोडणारी’ असा होता, आणि डिकन्सने तो वाफेच्याच शेजारी ठेवला आहे. मराठीत करायचं झालं तर ‘वाफाळलेली अंगं’ म्हणावं लागेल. आजचा वाचक त्याच शब्दात वास घेतो. म्हणजे शब्द तोच राहिला आणि मधल्या काळात तो डोळ्यांकडून नाकाकडे सरकला! जुनं लेखन वाचताना असं होतं. आपणही ‘वास’ हा शब्द चांगल्या-वाईट दोन्हीसाठी वापरतो, पण नुसतं ‘वास येतोय’ म्हटलं की नाक मुरडतोच ना?

स्मिथफील्डचा खरा वास हवा असेल तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. जोनाथन स्विफ्टने १७१० साली लंडनमधल्या पावसाच्या सरीवर एक कविता लिहिली. तिच्या शेवटी पाऊस इतका पडतो की गटारं भरून वाहतात, आणि स्मिथफील्डकडून येणारा घाणीचा लोंढा स्नो हिलपाशी दुसऱ्या लोंढ्यांना मिळून हॉबर्न ब्रिजकडे कोसळतो. स्विफ्ट म्हणतो की लोंढ्यातली घाण कोणत्या गल्लीतून निघाली हे तिच्या रंगावरून आणि वासावरून ओळखू येत होतं. फार पुढची कल्पना आहे ही. वास इथे सजावट म्हणून आलेला नाही, तो पत्ता सांगतो आहे. आणि उतार आजही तसाच आहे. फॅरिंग्डन स्ट्रीटच्या खाली फ्लीट नावाची नदी बंदिस्त गटारातून वाहते. स्मिथफील्डचं पाणी तिकडेच उतरायचं.

आणि चव? पाच इंद्रियांच्या नियमात चव नेहमीच अडचणीत आणते. बाजारात शिरलेला माणूस बघतो, ऐकतो, हुंगतो, धक्के खातो. पण चव घ्यायची तर थांबावं लागतं आणि पैसे काढावे लागतात. म्हणून निबंधात ती शेवटी, भज्यांच्या रूपाने, चिकटवलेली असते. डिकन्सने काय केलं बघा. साइक्स गर्दीतून कोपरं मारत वाट काढतो. ओळखीचे लोक भेटतात आणि सकाळचा एक घोट घ्यायला बोलावतात. तो प्रत्येक बोलावणं नाकारून पुढे जातो. एवढंच. चवीचं दार उघडलं गेलं आणि बंद झालं. त्या नकारातून कळतं की हा माणूस इथला आहे, त्याला इथे पुष्कळ जण ओळखतात, आणि आज त्याला घाई आहे. ऑलिव्हर ज्या आवाजांनी भेदरला आहे, त्यांकडे साइक्सचं लक्षही नाही. एकाच बाजारात दोन जण चालत आहेत, आणि इंद्रियं फक्त पोराची जागी आहेत.

चवीचं स्मिथफील्ड बघायचं तर बेन जॉन्सनचं नाटक. दर ऑगस्टमध्ये याच मैदानावर बार्थोलोम्यू फेअर नावाची जत्रा भरायची, आणि तिचं नाव घेऊनच जॉन्सनने १६१४ साली नाटक रंगभूमीवर आणलं. जत्रेचा मोठा पदार्थ म्हणजे भाजलेलं डुकराचं पिल्लू. नाटकात एका गर्भार बाईला जत्रेला जायचं आहे, पण तिच्या घरात कडक सोवळ्याचे धर्मनिष्ठ लोक आहेत, त्यांना जत्रा म्हणजे पाप. मग नवरा-बायको युक्ती काढतात: तिला डोहाळे लागले आहेत, आणि डोहाळे जत्रेतल्याच पिल्लाचे! पुढे धर्मोपदेशकच शास्त्रार्थ करून परवानगी देतो आणि स्वतःही सोबत जाऊन चांगला ताव मारतो. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे पिल्लं भाजणारी उर्सला नावाची धिप्पाड बाई आहे, विस्तवापाशी घामाने निथळणारी. चव या नाटकात वर्णनासाठी येत नाही, चवीवर सगळं कथानकच उभं आहे.

आता परत जिवंत गुरांकडे, कारण तिथे खरं भांडण होतं.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिलं जात होतं तेव्हा हा बाजार शहरातून हलवावा का, हा वाद चालूच होता. जॉन पर्किन्स नावाच्या गृहस्थाने स्वतःचा पैसा घालून इस्लिंग्टनमध्ये पर्यायी बाजार बांधला आणि तो १८३६ साली सुरू केला. व्यापारी तिकडे वळले नाहीत आणि तो बंद पडला. जुन्या बाजारावर लंडन शहराच्या नगरपालिकेचा शतकांचा हक्क होता, आणि त्यापासून येणारं उत्पन्नही. गुत्तेवाले, हेडे, दलाल सगळ्यांची पोटं त्याच मैदानावर. त्यामुळे बाजार जागचा हलेना.

त्या वेळी तिथे गुरांचं काय होत होतं ते ऐकायला बरं वाटणार नाही, पण सांगायला हवं. खुंटांना बांधायला जागा पुरत नसे. मग उरलेल्या बैलांना गोल रिंगणात उभं करत, तोंडं आत आणि पाठी बाहेर. जनावर स्वतःहून असं उभं राहत नाही. त्याच्या तोंडावर काठ्या मारायच्या, मागे सरकलं की पायांवर मारायचं, आणि पराणी टोचायची. आपल्या खेड्यांत पराणी असते तशीच, टोकाला लोखंड. अशी रिंगणं पहाटेच्या अंधारात मशालींच्या उजेडात रचली जात. डिकन्सच्या परिच्छेदात मारझोड आणि ढकलाढकल आहे, पण ही पद्धत नाही. ऑलिव्हरच्या उंचीवरून ती दिसणारही नाही.

पुढे डिकन्स स्वतःचं साप्ताहिक काढू लागला, ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’. त्यात मे १८५० मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी विल्स याने मिळून स्मिथफील्डवर एक लेख लिहिला. त्यात एक सुखवस्तू पशुपालक आपले बैल विकायला पाठवतो आणि त्यांचं काय होतं ते बघायला स्वतः बाजारात येतो. आता बघणारा पोरगा नाही, मालक आहे. त्यामुळे पोराला जो नुसता गोंगाट वाटला, त्यातलं एकेक मालकाला उलगडत जातं: कोणाला मारतात, का मारतात, आणि त्यात नुकसान कोणाचं. मार लागलेलं मांस काळंनिळं पडतं आणि त्याला भाव येत नाही. पुढच्या वर्षी, १८५१ च्या मार्चमध्ये, डिकन्सने पॅरिसला जाऊन तिथला पोआसीचा गुरांचा बाजार आणि शहराच्या कडेचे सरकारी कत्तलखाने बघून आणखी एक लेख लिहिला. लंडनच्या नगरपालिकेतले मानकरी फ्रेंचांची टर उडवत होते, म्हणून लेखाच्या नावातच उपहासाने फ्रेंच मूर्खपणाचा उल्लेख आहे. तिथे त्याला रुंद जागा, मुबलक पाणी आणि धुतलेल्या फरशा दिसल्या. मला स्वतःला हा लेख बाजाराचं वर्णन म्हणून फिका वाटतो. व्यवस्था चांगली असली की लेखकाच्या कानांना काम उरत नाही. पण वादात तो उपयोगी पडला असणार, कारण त्याने गोंधळाच्या शेजारी शांतता ठेवून दाखवली.

त्याच १८५१ साली संसदेने बाजार हलवण्याचा कायदा केला. जून १८५५ मध्ये स्मिथफील्डमध्ये शेवटची जनावरं विकली गेली आणि इस्लिंग्टनच्या उत्तरेला, कोपनहेगन फील्ड्‌स नावाच्या मोकळ्या जागी, नवा बाजार प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते उघडला. तिथला घड्याळाचा मनोरा अजून उभा आहे, कॅलेडोनियन पार्कमध्ये. योगायोग असा की बार्थोलोम्यू फेअरही त्याच १८५५ साली शेवटची भरली. म्हणजे जॉन्सनची चव आणि डिकन्सचे आवाज एकाच वर्षी त्या मैदानावरून गेले.

हे सगळं डिकन्सच्या एका परिच्छेदाने घडवलं असं मी म्हणणार नाही. कादंबरी आणि कायदा यांच्यात तेरा-चौदा वर्षांचं अंतर आहे, आणि त्यात रेल्वे आली, कॉलराची साथ आली, चौकशी आयोग बसला. इतिहासाचा पुरावा म्हणूनही त्या परिच्छेदाच्या मर्यादा आहेत. सगळ्यांत मोठी मर्यादा ही, की त्या एवढ्या मोठ्या बाजारात कोणीही काही विकत घेत नाही! एकही सौदा नाही, एकही भाव नाही. कारण सौदा हाताने व्हायचा. गुरं घेणारा खाटीक बैलाच्या बरगड्यांवर, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून चरबी किती ते चाचपायचा. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात तर भावसुद्धा हातानेच ठरायचा. उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, कोणत्या बोटाला किती ते दोघांनाच ठाऊक, आणि भोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांना काही कळायचं नाही. बाहेरून आलेल्या लेखकाला बाजार दिसतो आणि ऐकू येतो. आतल्या माणसाचा बाजार त्याच्या तळहातात असतो. बाजाराची वर्णनं वाचताना मी तरी नेहमी बघते की कोणी कशाला हात लावला का.

डिकन्सने हात लावला, पण तो बाजार उठून गेल्यावर. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६० च्या डिसेंबरपासून येऊ लागली. गुरांचा बाजार जाऊन पाच वर्षं झाली होती, पण कथा आधीच्या काळात घडते, त्यामुळे कथेत तो चालू आहे. पिप हा खेड्यातला तरुण पहिल्यांदा लंडनला आला आहे. वकिलाची वाट बघून कंटाळतो, चक्कर मारायला निघतो, आणि चालत चालत स्मिथफील्डमध्ये येतो. या वेळी लांबलचक वाक्य नाही, शिट्ट्या नाहीत, कुत्री नाहीत, एकही आवाज नाही. घाण, चरबी, रक्त आणि फेस यांनी माखलेली ती लाजिरवाणी जागा आपल्या अंगाला चिकटते आहे असं पिपला वाटतं, इतकंच.

तेच मैदान, तोच लेखक, मध्ये बावीस-तेवीस वर्षं. पहिल्या वेळी डिकन्सने ऐकलेलं सगळं ओतलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने एकच इंद्रिय ठेवलं, तेही सर्वांत जवळचं. ऑलिव्हरचा हात साइक्सच्या मुठीत होता. त्याच्यावर बाजार बाहेरून आदळत होता आणि त्याला पळता येत नव्हतं. पिप मोकळा आहे. पण लंडनची जी घाण त्याला पुढे आयुष्यभर पुसता येणार नाही, म्हणजे कैदी, तुरुंग आणि एका गुन्हेगाराचा पैसा, ती त्याला इथे पहिल्यांदा लागते. त्यासाठी ‘चिकटणं’ हवं होतं, कोलाहल चालला नसता.

पिप तो चिकटा झटकायला घाईघाईने एका गल्लीत वळतो. समोर सेंट पॉल्सचा मोठा काळा घुमट त्याच्या अंगावर आल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या अलीकडे दगडी भिंतींची एक गंभीर इमारत. तो बाजूला उभ्या असलेल्या एका माणसाला विचारतो, ही इमारत कसली? माणूस सांगतो, न्यूगेटचा तुरुंग.

हा तुरुंग पुढे पाडला गेला आणि त्या जागी आज ओल्ड बेलीचं न्यायालय आहे. लाँग लेनने स्मिथफील्डमध्ये शिरायचं, होरेस जोन्सच्या इमारतीला वळसा घालून बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या भिंतीकडेने दक्षिणेला उतरायचं, आणि ओल्ड बेलीपाशी उभं राहायचं. ऑलिव्हरच्या वाटेने सुरुवात करून पिपच्या वाटेने बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.